बाहुली सगळ्यात शेवटी

कीटकनाशक पोटात गेलेल्या पेशंटच्या केसपेपरला आम्ही एक वेगळा कागद जोडतो. आडवा धरायचा, पट्टीने रेघा मारायच्या आणि वर रकान्यांची नावं घालायची: वेळ, नाडी, रक्तदाब, बाहुली, छाती, काख, पोटाचे आवाज, दिलेलं ॲट्रोपिन, सही. वॉर्डात सगळे त्याला ॲट्रोपिन चार्ट म्हणतात. पहिला तासभर त्यावर दर पाच मिनिटांनी एक ओळ पडते, मग दर पंधरा मिनिटांनी, मग तासातासाने. पेशंट वाचला तर हा कागद चार-पाच पानांचा होतो.

मी उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत मेडिसिनची डॉक्टर म्हणून काम करत आले आहे. असे चार्ट भरले, नंतर शिकणाऱ्या मुलांनी भरलेले तपासले. एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक चार्टवर दिसते. बाहुलीचा रकाना सगळ्यात नीटनेटका असतो: '१ मिमी, १ मिमी, २ मिमी.' छातीच्या रकान्यात मात्र नुसत्या अधिकच्या खुणा असतात किंवा वरच्या ओळीसारखंच म्हणून दोन टिंबं दिलेली असतात. उपचार ठरतो तो छातीच्या रकान्यावर. बाहुली सगळ्यात शेवटी बोलते, आणि कधीकधी खोटंही बोलते.

मुंबईत राहणाऱ्यांना वाटतं, हे शेतावरचं दुखणं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा पेपर त्या बातम्यांनी भरले होते. पण घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, बोरिवलीचं भगवती इथल्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही विचारा. इथे ढेकूण आहेत, झुरळं आहेत, फर्निचरला वाळवी आहे. एका पिढीने टिक-२० हे नाव ढेकणांपेक्षा आत्महत्येच्या बातम्यांत जास्त ऐकलं. आज वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस मिळतं, आणि सुटं औषध कोणत्याही बाटलीतून घरात येतं. ही सगळी ऑरगॅनोफॉस्फेट जातीची विषं. आम्ही नुसतं 'ओपी' म्हणतो.

ओपी करतं काय, ते थोडक्यात सांगते, कारण चार्टचे रकाने त्यातूनच आले आहेत. नसेकडून ग्रंथीला, हृदयाला, स्नायूला निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन काम झालं की लगेच मोडलं जातं. ते मोडणारं एन्झाइम ओपी निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, उलट्या. श्वासनलिका आवळतात आणि आतून पाझरू लागतात. नाडी मंदावते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. पेशंट आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडून मरतो. ॲट्रोपिन या रसायनाला ग्रंथी, श्वासनलिका आणि हृदयापाशी अडवतं. विष ते काढून टाकत नाही आणि एन्झाइमही दुरुस्त करत नाही. तेवढा वेळ छाती कोरडी ठेवतं, इतकंच. शिवाय हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंपाशी त्याचा काही उपयोग नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, तिसऱ्या दिवशी ते लागणार आहे.

आता एक चार्ट वाचू. पेशंट कोण, हे कळेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

तिशीतला माणूस. वाळवीचं सुटं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणून ठेवलेलं, रात्री वीज गेली, तहान लागली, अंधारात दोन-तीन घोट गेले. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, तिथून आमच्याकडे. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: 'ॲट्रोपिन दिलं.' किती दिलं नाही, किती वाजता दिलं नाही. ही चिठ्ठी आम्हाला वारंवार दिसते आणि तिचा उपयोग शून्य असतो. एक ॲम्प्यूल दिली असेल तर ती न दिल्यासारखीच, आणि वीस दिल्या असतील तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. अशा वेळी चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि पेशंटला विचारायचं, म्हणजे त्याच्या छातीला.

पहिली ओळ, रात्रीचे ९:४०. नाडी ५२, रक्तदाब ९० वर ६०, ऑक्सिजन ८२ टक्के, बाहुल्या १ मिमी, तोंडातून फेस, दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत बुडबुडे, काखा ओल्या. मामांनी कपडे कापून काढले, मावशींनी साबणाने अंग धुतलं. हातमोजे सगळ्यांनी घातलेले, कारण तो वास कपड्यांतून, केसांतून येत राहतो आणि आमचीही डोकी दुखतात. ऑक्सिजन, सक्शन, शीर. आणि ॲट्रोपिन १.८ मिलिग्रॅम. आपल्याकडची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची असते, म्हणजे तीन ॲम्प्यूल.

९:४५. नाडी ६४, छातीत बदल नाही, काखा ओल्या, बाहुली १. आता दुप्पट: ३.६, सहा ॲम्प्यूल. ९:५०. नाडी ७८, बुडबुडे थोडे कमी, पण आता शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो, काखा ओल्या, बाहुली १. पुन्हा दुप्पट: ७.२, बारा ॲम्प्यूल. ९:५५. नाडी ९२, बुडबुडे फक्त खालच्या भागात, काखा दमट, बाहुली अजून १. सुधारणा सुरू झाली आहे, तेव्हा दुप्पट करणं थांबवायचं, पण देणं थांबवायचं नाही. पुन्हा ७.२. दहा वाजता नाडी १०८, रक्तदाब ११० वर ७०, छाती स्वच्छ, काखा कोरड्या. बाहुली २ मिमी.

इथे थांबायचं. बाहुली अजून लहानच आहे, पण थांबायचं.

ही दुप्पट करण्याची रीत नव्याने आलेल्या मुलांना घाबरवते. एरवी दोन ॲम्प्यूल ॲट्रोपिन देतानाही हात थबकतो, इथे वीस मिनिटांत तेहतीस फुटल्या. पण कुणाला किती लागेल हे आधी कळायला काहीच मार्ग नसतो. किती प्यायला, कोणतं प्यायला, पोटातून किती आत गेलं, सगळं अंदाजाचं. याच पेशंटला दर दहा मिनिटांनी ठरलेल्या तीन ॲम्प्यूल देत बसलो असतो, तर १९.८ मिलिग्रॅमपर्यंत पोचायला अकरा डोस आणि शंभर मिनिटं लागली असती. शंभर मिनिटं छातीत पाणी. बांगलादेशात चितगावला या दोन पद्धतींची थेट तुलना झाली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीने पेशंट कोरडा व्हायला सरासरी १५२ मिनिटं लागली, दुप्पट करत गेल्यावर २४. मृत्यू जुन्या गटात २२.५ टक्के, नव्या गटात ८ टक्के. औषध तेच, फरक फक्त वेळेच्या रकान्याचा.

म्हणून वेळेबद्दल मी फार काटेकोर आहे. भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर आणि प्रत्येकाचा मोबाइल यांत दोन-चार मिनिटांचा फरक असतोच. दिवसातून तीनदा द्यायच्या गोळीला त्याने काही बिघडत नाही. पण इथे ओळीओळींत पाचच मिनिटं असतात, आणि एकाने मोबाइल पाहून, दुसऱ्याने भिंत पाहून लिहिलं तर दोन डोस एकाच वेळी पडल्यासारखे दिसतात किंवा मधला एक गायब होतो. एकच घड्याळ ठरवायचं आणि ते मोठ्याने सांगायचं.

दुसरी शिस्त मला एका जुन्या सिस्टरांनी लावली. फुटलेल्या ॲम्प्यूल टाकायच्या नाहीत, किडनी ट्रेमध्ये जमवायच्या. एकजण फोडतो, एकजण ओढतो, एकजण लिहितो. छाती कोरडी झाली की ट्रेमधल्या ॲम्प्यूल मोजायच्या आणि चार्टवरच्या बेरजेशी ताडून पाहायच्या. त्या रात्री ट्रेमध्ये तेहतीस होत्या आणि कागदावरही तेहतीस. हे मोजणं लागतं, कारण पुढचं औषध त्याच बेरजेवर ठरतं. जेवढ्याने छाती कोरडी झाली त्याच्या दहा ते वीस टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू ठेवायचं. १९.८ चे दहा टक्के म्हणजे ताशी २ मिलिग्रॅम. वीस ॲम्प्यूल म्हणजे १२ मिलिग्रॅम, २० मिली. त्यात २८ मिली सलाईन घातलं की एकूण ४८ मिली होतं आणि ताशी ८ मिलीवर पंप लावला की दोन मिलिग्रॅम जातं. सहा तास चालतं. बेरीज चुकली तर रात्रभर चुकीचं औषध जात राहतं आणि ते कुणाला कळतही नाही.

आता बाहुलीचं. जुनी पुस्तकं सांगत, बाहुली मोठी होईस्तोवर आणि नाडी १४० पर्यंत जाईस्तोवर ॲट्रोपिन द्या. तसं केलं की पेशंटला गरजेपेक्षा बरंच जास्त जातं. बाहुली उशिरा उघडते. छाती कोरडी झाल्यावरही ती अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लहान राहते. विष डोळ्यात उडालं असेल तर तेवढ्यानेच ती आवळलेली राहते, बाकी अंग कितीही सुधारलं तरी. उलट काहीजण सुरुवातीलाच मोठ्या बाहुल्या घेऊन येतात, आणि कुणीतरी म्हणतं, हे ओपी नाहीच. म्हणून मी तिच्याकडून एवढंच मागते की तासाभरात ती टाचणीच्या टोकाएवढी राहू नये. या पेशंटची बाहुली साडेअकराला ४ मिमी झाली. छाती त्याआधी दीड तास कोरडी होती.

नाडीचा रकाना बाहुलीहून बरा, पण त्यालाही खुलासा लागतो. ८० च्या वर हवी, एवढंच लक्ष्य. पण नाडी १२० असली म्हणून ॲट्रोपिन रोखायचं नाही. ती ऑक्सिजन कमी पडल्याने वाढलेली असेल, जुलाब-उलट्यांनी पाणी गेल्याने असेल, विषानेही असेल. छाती भरलेली आणि नाडी १२० असेल तर औषध हवंच. अशा ओळी मी चार्टवर पाहिल्या आहेत: 'नाडी १२४, डोस थांबवला.' शेजारच्या रकान्यात छातीसमोर तीन अधिकच्या खुणा.

राहिली काख. मुंबईत मे महिन्यात, पंखा गरम हवा फिरवत असताना, डॉक्टरचीही काख ओली असते. कोरडी काख हे लक्षण या शहरात वाचायचं तर युक्ती लागते. गॉजने काख टिपून कोरडी करायची आणि पाच मिनिटांनी पुढच्या ओळीच्या वेळी पुन्हा बोट लावायचं. विषाचा घाम तेवढ्यात परत येतो. याची दुसरी बाजूही आहे. ॲट्रोपिनने घाम बंद झालेल्या माणसाला अशा दमट हवेत अंग थंड करायला काही उरत नाही. ताप चढतो, तेव्हा चार्टच्या कडेला तापमानही लिहावं लागतं.

पहाटे तीन वाजता रात्रपाळीच्या मुलाने उठवलं. नाडी ८४ वर आलेली, काखा दमट, दोन्ही बाजूंना खाली पुन्हा बुडबुडे. हे अपेक्षित असतं. वाळवीची काही औषधं चरबीत मुरतात आणि हळूहळू रक्तात परत येत राहतात, त्यामुळे सुधारलेला पेशंट पुन्हा पाझरू लागतो. एकदा १.८ मिलिग्रॅम देऊन ड्रिप ताशी २.४ केली. तीन वीसला छाती स्वच्छ.

सकाळी नऊला पुन्हा बुडबुडे. मुलगा पंप वाढवायच्या बेतात होता. त्याने स्वतःच काय लिहिलं होतं ते मी त्याला वाचून दाखवायला सांगितलं: 'उजवीकडे खाली बुडबुडे, डावी छाती स्वच्छ, काखा कोरड्या, नाडी ११२, बाहुली ४.' विषाचं पाणी एकाच फुप्फुसाचा एक कोपरा निवडून भरत नाही. घामही नाही. उलटीचा अंश श्वासात गेला होता, एक्सरेत डाग दिसला. त्याला अँटिबायोटिक हवं होतं, ॲट्रोपिन नाही. नुसत्या अधिकच्या खुणा केल्या असत्या तर तीनची ओळ आणि नऊची ओळ सारखीच दिसली असती. म्हणून मी मुलांना सांगते, छातीच्या रकान्यात जागा लिहा. उजवी की डावी, वर की खाली. रकाना लहान पडला तर कागद मोठा घ्या.

त्या संध्याकाळी पाचला पेशंट चादर ओढायला, हवेत काहीतरी वेचायला लागला. नाडी १४२, ताप १०१.५, पोटाचे आवाज नाहीत, ओटीपोट फुगलेलं. आपल्याकडे धोतरा खाल्लेला माणूस जसा भ्रमतो, तसाच तो भ्रमत होता, आणि ते साहजिक होतं. धोतऱ्याच्या बियांत याच जातीची द्रव्यं असतात. ताप फुप्फुसाच्या डागानेही येऊ शकतो. पण मुकं झालेलं पोट, भरलेलं मूत्राशय आणि भ्रम हे तिन्ही एकत्र आले की औषध जास्त झालं असं समजायचं. मूत्रमार्गात नळी घातली, पंप एक तास बंद ठेवला. सहाला तो शांत होता, पोटात गुरगुर ऐकू येत होती. मग ड्रिप ताशी १.८ वर सुरू केली, आधीच्या तीन-चतुर्थांश. पोटाच्या आवाजांचा रकाना अनेकजण रेघ मारून रिकामा सोडतात. ॲट्रोपिन जास्त होत चाललं आहे हे सगळ्यात आधी सांगणाऱ्यांत तो रकाना असतो.

पहिल्या चोवीस तासांची बेरीज सुमारे ७२ मिलिग्रॅम झाली. एकशेवीस ॲम्प्यूल. या बेरजेला स्वतःचा अर्थ आहे. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० पेशंटवर केलेला अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रश्न होता प्रालिडॉक्सिम या उताऱ्याचा, ज्याला आपण पॅम म्हणतो: चार-चार तासांनी एक ग्रॅम द्यावा की पहिले दोन दिवस ताशी एक ग्रॅम सतत चालू ठेवावा? सतत दिलेल्या गटात मृत्यू एक टक्का, दुसऱ्या गटात आठ. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पहिल्या दिवशी लागलेलं ॲट्रोपिन सतत पॅम दिलेल्या गटात मध्यकाने ६ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ३०. म्हणजे उतारा लागू पडला की नाही, हे ॲट्रोपिनच्या रकान्याच्या बेरजेने सांगितलं. पुढे श्रीलंकेतल्या चाचणीत, २००९ साली, पॅमचा असा फायदा दिसला नाही. बारामतीचे पेशंट मध्यम विषबाधेचे होते आणि त्यांना व्हेंटिलेटरची सोय होती, हा फरक धरावा लागतो. आम्ही पॅम देतो, पण पॅम चालू आहे म्हणून ॲट्रोपिन आखडतं घेत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार्ट पाहून कुणीही म्हणालं असतं, पेशंट सुटला. नाडी ९८, छाती उजव्या कोपऱ्याखेरीज स्वच्छ, काखा कोरड्या, बाहुली ४, पोटात आवाज, ड्रिप ताशी १ वर. तो जागा होता, बायकोशी बोलत होता. मी त्याला म्हटलं, उशीवरून मान उचला. हनुवटी जेमतेम हलली. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तर आठावर दम संपला. दुपारी सहावर आला. ऑक्सिजन तेव्हाही ९६ टक्के दाखवत होता. संध्याकाळ व्हायच्या आत, तो शुद्धीवर असताना, भुलतज्ज्ञांना बोलावून नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला.

हा आजाराचा दुसरा अंक पहिल्यांदा नीट लिहिला गेला तो आपल्या पुण्यात. ससून रुग्णालयात डॉ. आर. एस. वाडिया, सदगोपन, अमीन आणि डॉ. ह. वि. सरदेसाई यांनी ओपीच्या लागोपाठ २०० पेशंटच्या मज्जासंस्थेची तपासणी केली आणि १९७४ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी लक्षणांचे दोन प्रकार केले. आल्याबरोबर दिसणारी आणि ॲट्रोपिनला दाद देणारी ती पहिली. ॲट्रोपिन चालू असतानाही नंतर उगवणारी, लुळेपणाची, ती दुसरी. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सेनानायके आणि करलियद्दे यांनी या दुसऱ्या प्रकाराला 'इंटरमीजिएट सिंड्रोम' असं नाव दिलं आणि जगभर तेच चालतं. विष घेतल्यावर साधारण एक ते चार दिवसांत, पहिली लक्षणं ओसरल्यावर, मान, खांदे-मांड्या आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. ॲट्रोपिन तिथे पोचतच नाही. कितीही दिलं तरी मान उचलली जात नाही.

म्हणजे सगळे रकाने उत्तम असताना पेशंट मरू शकतो. चार्ट फक्त तेवढंच पाहतो जे ॲट्रोपिनच्या हातात आहे. म्हणून माझ्या वॉर्डातल्या कागदावर सहीच्या आधी एक रकाना हाताने वाढवलेला असतो: 'मान'. दर चार तासांनी मान उचलायला लावायची, किती सेकंद धरली ते लिहायचं, शेजारी एका श्वासातला आकडा. शुद्धीत नसलेल्या पेशंटला हे जमत नाही, तिथे श्वासांची संख्या आणि पोट-छाती उलटसुलट हलतात का, ते पाहावं लागतं. हा रकाना पाच दिवस तरी बंद करायचा नाही, ॲट्रोपिन थांबलं तरीही. माझा आग्रह आहे की हा चार्ट ॲट्रोपिनबरोबर संपू नये. पेशंट तेव्हा वॉर्डात हलवला जातो, जागा मोकळी हवी असते, आणि मान त्याच रात्री पडते.

आपल्या पेशंटची मान अकराव्या दिवशी उशीवरून सुटली. तेराव्या दिवशी नळी काढली. घरी गेला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता, बाकी ठीक.

त्याच्या चार्टवर एक जागा शेवटपर्यंत कोरी राहिली. वरच्या कोपऱ्यात विषाचं नाव लिहायचं असतं. बाटली कोल्ड्रिंकची, लेबल कोल्ड्रिंकचं. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल उपचार चालू असताना हातात येत नाही. नाव कळलं असतं तर ते चरबीत मुरणारं आहे की नाही, तीन वाजताची ओळ येणार आहे की नाही, हे आम्हाला आधीच धरून चालता आलं असतं.

तेव्हा वाळवीचं, ढेकणांचं, झुरळांचं औषध त्याच्या मूळ डब्याखेरीज कशात ठेवू नका, आणि सुटं तर घेऊच नका. कुणाच्या पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका. अंगावरचे कपडे उतरवा, कुशीवर झोपवा आणि थेट आयसीयू असलेल्या रुग्णालयात न्या. निघताना ती बाटली, रिकामी असली तरी, झाकण लावून पिशवीत घाला आणि बरोबर आणा. वाटेत कुठे इंजेक्शन दिलं गेलं तर चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून मागा: किती दिलं आणि किती वाजता.